एटीपी न वापरणारा वाहक ‘सक्रिय’ कसा?

प्रश्न: आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आत घेणारा एसजीएलटी-१ हा वाहक स्वतः एटीपी वापरत नाही, असं पुस्तकात आहे. मग त्याला सक्रिय वहन का म्हणायचं? आणि जेवणानंतर आतड्यात ग्लुकोज भरपूर असतं, ते नुसतं उतारानं आत का जात नाही? त्यासाठी सोडियम कशाला लागतं?

‘सक्रिय’ हा शब्द एटीपीवरून ठरत नाही, दिशेवरून ठरतो. एखादा पदार्थ कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, म्हणजे चढावर, जाऊन साठत असेल तर ते सक्रिय वहन. त्या चढाईची किंमत कोणी आणि कुठे मोजली, हा पुढचा प्रश्न. वाहकानं स्वतः एटीपी फोडून मोजली असेल तर वहन प्राथमिक. दुसऱ्या कोणीतरी आधी मोजून ठेवली असेल आणि वाहक त्या साठ्यावर काम करत असेल तर ते द्वितीयक. एसजीएलटी-१ दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याच्यासाठी किंमत मोजतो तो पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप, आणि त्या पंपाला ग्लुकोज नावाचं काही अस्तित्वात आहे हेही कळत नाही. दोघांमधला दुवा एकच, पेशीतलं सोडियम.

लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला दोन तोंडं असतात. एक अन्नाच्या पोकळीकडे, तिथे पटलाला ब्रशसारखी दाट कड असते आणि एसजीएलटी-१ त्या कडेत बसलेला असतो. दुसरं तोंड रक्ताकडे. तिथे पंप असतो आणि ग्लुट-२ नावाचा साधा वाहक असतो. पंप एक एटीपी फोडून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे सतत चालल्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, आणि पोटॅशियम पटलातून बाहेर झिरपत राहिल्यामुळे पेशीची आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण राहते. सोडियमवर धनभार असतो, म्हणजे त्याला आत ओढणाऱ्या गोष्टी दोन झाल्या: संहतीतला फरक आणि विभवांतर. एसजीएलटी-१ हे ओढणं वाया जाऊ देत नाही. दोन सोडियम आत उतरतात, त्यांच्याबरोबर एक ग्लुकोज आत येतं. सोडियम आधी जोडलं जातं, त्यामुळे ग्लुकोजची जागा नीट तयार होते, मग ग्लुकोज बसतं, वाहकाचं तोंड बाहेरून मिटतं आणि आतल्या बाजूला उघडतं. आत सोडियम कमी असल्यामुळे ते सुटून जातं, ग्लुकोजही सुटतं, आणि रिकामा वाहक पुन्हा बाहेरच्या बाजूला वळतो.

इथे ‘दोन’ या आकड्यावर मी जरा थांबतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि शिकवताना नेमकी तीच घाईत सुटते.

ठोकळ आकडे घेऊन हिशोब करून पाहू. बाहेर सोडियम १४० मिलिमोलर, पेशीत १४ मिलिमोलर, म्हणजे बरोबर दहापट फरक. शरीराच्या तापमानाला एकभारी आयनाच्या बाबतीत दहापट संहतीची ताकद सुमारे ६१ मिलिव्होल्ट इतकी भरते. पेशीच्या आत समजा ऋण ५० मिलिव्होल्ट आहेत. दोन्ही मिळून एका सोडियममागे १११ मिलिव्होल्टची ओढ. ग्लुकोजवर भार नाही, त्यामुळे त्याला विभवांतराचा अडथळा नाही आणि मदतही नाही. त्याला फक्त संहतीचा चढ चढायचा आहे. मिळालेल्या प्रत्येक ६१ मिलिव्होल्टमागे तो दहापट चढू शकतो.

वाहकानं एका ग्लुकोजमागे एकच सोडियम घेतलं असतं तर १११ भागिले ६१, म्हणजे साधारण १.८. दहाचा १.८वा घात म्हणजे पासष्टच्या आसपास. पेशीत बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त पासष्टपट ग्लुकोज साठवता आलं असतं. दोन सोडियम घेतल्यावर ओढ २२२ मिलिव्होल्ट, भागाकार सुमारे ३.६, आणि मर्यादा चार हजारपटींच्याही वर जाते. सोडियम दुप्पट झालं, पण मर्यादा दुप्पट झाली नाही, तिचा वर्ग झाला. विभवांतराचा वाटाही यातून दिसतो. तो शून्य धरला आणि दोन सोडियम तसेच ठेवले, तर मर्यादा शंभरपट एवढीच उरते. म्हणून ‘सोडियमच्या संहतीतल्या फरकामुळे ग्लुकोज आत येतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं काम पेशीची वीज करते.

पेशीत प्रत्यक्षात चार हजारपट ग्लुकोज कधीच साठत नाही, कारण मागच्या दारानं ग्लुट-२ ते रक्तात सोडत असतो. मग ही मर्यादा कशाला हवी? उलट बाजूनं पाहिलं की कळतं. रक्तात ग्लुकोज ५ मिलिमोलर आहे. ते रक्तात उतरायचं तर पेशीत त्याहून थोडं जास्त असायला हवं. एका सोडियमवर चालणाऱ्या वाहकाला हे जमायचं तर पोकळीत निदान ०.०८ मिलिमोलर ग्लुकोज शिल्लक असावं लागेल. त्याखाली तो थांबणार. दोन सोडियमवाला वाहक ०.००१ मिलिमोलरच्या जवळपास पोचेपर्यंत ओढत राहू शकतो. म्हणजे आतडं ग्लुकोज जवळजवळ शेवटच्या कणापर्यंत वेचून घेऊ शकतं. मूत्रपिंडातही हीच वाटणी दिसते. नलिकेच्या सुरुवातीला, जिथे ग्लुकोज भरपूर असतं, तिथे एका सोडियमवर चालणारा एसजीएलटी-२ बहुतांश काम स्वस्तात उरकतो. पुढे जिथे थोडंच उरलेलं असतं तिथे एसजीएलटी-१ ते गोळा करतो.

आता खर्च. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम आत आली, ती बाहेर काढायला पंपाला दोन तृतीयांश एटीपी लागलं. पूर्ण ज्वलनात त्याच ग्लुकोजमधून तीसच्या आसपास एटीपी मिळतात. सौदा चांगला आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, भरपूर ग्लुकोज असताना नुसतं उतारानं का नाही. उतार असून भागत नाही, वाट लागते. ग्लुकोज पाण्यात विरघळणारा, स्निग्ध पटलातून आपोआप न जाणारा रेणू आहे. ब्रश कडेत ग्लुकोजसाठी जे मुख्य दार आहे ते एसजीएलटी-१ चंच, आणि ते दार सोडियमशिवाय नीट फिरत नाही. ज्या उंदरांमध्ये या वाहकाचं जनुक बंद केलेलं आहे त्यांना ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज वगळलेल्या खाद्यावरच जगवता येतं. नेहमीच्या खाद्यावर त्यांना शोषणाचा गंभीर दोष होतो. भरपूर ग्लुकोज समोर असूनही हे होतं. शिवाय भरपूर ही स्थिती टिकत नाही. जेवण पुढे सरकतं, पातळ होतं, आणि पोकळीतली संहती रक्ताच्या खाली जाते. तिथून पुढे नुसत्या उताराचा वाहक असता तर त्यानं ग्लुकोज रक्तातून उलट आतड्यात सोडायला सुरुवात केली असती.

सोडियमच्या उतारावर ग्लुकोज चढवण्याची ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. त्याआधी तीनच वर्षं, १९५७ मध्ये, येन्स स्कोऊ यांनी सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध प्रसिद्ध केला होता. एसजीएलटी-१ चं जनुक हाती लागलं ते १९८७ मध्ये. पण मधल्या काळात या कल्पनेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप एका साध्या प्रयोगानं मिटवला. आक्षेप असा होता: जिवंत पेशीत एटीपी सगळीकडे असतं, मग ते कुठेतरी थेट ग्लुकोजच्या वाहकाला मिळत नसेल कशावरून? म्हणून १९७० च्या दशकात ब्रश कडेचं पटल वेगळं काढून त्याच्या अतिसूक्ष्म बंद पिशव्या केल्या गेल्या. आत पेशीद्रव नाही, एटीपी नाही, पंपही जवळपास नाही. अशा पिशव्या किरणोत्सारी ग्लुकोज आणि सोडियमच्या द्रावणात टाकल्या की पहिल्या मिनिटाच्या आसपास ग्लुकोज आत भराभर साठतं, समतोलाच्या पातळीच्या कितीतरी वर जातं, आणि मग हळूहळू खाली येऊन समतोलावर स्थिरावतं. सोडियमऐवजी पोटॅशियम घातलं तर हा उंचवटा येतच नाही, ग्लुकोज संथपणे समतोलाकडे सरकतं. सोडियमचा उतार असेपर्यंत चढाई, उतार सपाट झाला की चढाई संपली आणि साठलेलं ग्लुकोज परत बाहेर. कोणाला द्वितीयक सक्रिय वहन एका चित्रात दाखवायचं असेल तर मी हा आलेख काढतो.

मी स्वतः बरीच वर्षं उसिंग चेंबरवर काम केलं आहे, तिथलं एक उदाहरण सांगतो. यात उंदराच्या आतड्याचा तुकडा दोन अर्ध्या कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवतात, दोन्हीकडे ३७ अंशांवरचं क्षारद्रावण, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे. दोन बाजूंमधला विद्युतदाब बाहेरून करंट देऊन शून्यावर धरायचा आणि त्यासाठी किती करंट लागतो ते नोंदवायचं. एसजीएलटी-१ ग्लुकोजमागे दोन धनभार आत नेतो, त्यामुळे त्याचं काम थेट करंट म्हणून दिसतं. अन्नाच्या बाजूला दहा मिलिमोलर ग्लुकोज टाकलं की कागदावरची रेष अर्ध्या-एक मिनिटात चढते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला तेवढंच मॅनिटॉल टाकायचं असतं, नाहीतर परासरणाच्या फरकानं पाणी इकडेतिकडे होतं आणि त्याचा परिणाम तुम्ही वाहकाच्या नावावर जमा करता.

आमच्याकडे एक विद्यार्थिनी पंप बंद केल्यावर काय होतं ते पाहत होती. पंपाचं विष म्हणजे ऊआबेन. ग्लुकोजवर करंट छान चढलेला, तिनं ऊआबेन टाकलं, आणि काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. ती घाबरून माझ्याकडे आली, की औषध खराब आहे, किंवा मग सिद्धांतच चुकीचा. चेंबरपाशी जाऊन पाहिलं तर तिनं ऊआबेन अन्नाच्या बाजूला टाकलं होतं. पंप तिथे नसतोच. तिला म्हटलं, हा तुकडा टाकू नकोस, हा तर उत्तम नियंत्रण-प्रयोग झाला. आता हेच रक्ताच्या बाजूला टाक. टाकलं. रेष लगेच कोसळली नाही, हळूहळू उतरायला लागली आणि उतरत राहिली. दुसऱ्या तुकड्यावर ऊआबेनऐवजी फ्लोरिझिन, तेही अन्नाच्या बाजूला. फ्लोरिझिन एसजीएलटी-१ मध्ये ग्लुकोजच्या जागी जाऊन अडकतं. रेष झपाट्यानं खाली आली.

या दोन उतारांच्या वेगातला फरक मला आजही सगळ्यात बोलका वाटतो. वाहकच अडवला की काम ताबडतोब थांबतं. पंप अडवला तर वाहक मात्र शाबूत असतो आणि साठलेल्या उतारावर थोडा वेळ चालू राहतो. आत सोडियम जमत जातं, उतार सपाट होतो, आणि मग तो थांबतो. तो मधला वेळ म्हणजे ‘द्वितीयक’ या शब्दाचा अर्थ.

हा प्रयोग कोणी करणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उंदीर-घुशींचा पंप ऊआबेनला बराच दाद न देणारा असतो, म्हणून तिथे मिलिमोलरच्या घरात मात्रा लागते. माणसाच्या किंवा सशाच्या ऊतीवरचा अनुभव घेऊन कमी मात्रा टाकाल तर बाजू बरोबर असूनही रेष हलणार नाही. आणि कोणी विचारेल की करंट वाढला तो ग्लुकोज जाळून पेशीला ऊर्जा मिळाली म्हणून तर नाही ना? त्यासाठी ३-ओ-मिथाइलग्लुकोज घ्या. तो आत नेला जातो पण पेशी त्याचं इंधन करू शकत नाही. करंट तरीही वाढतो.

आता एक गोष्ट, जी मला कोणी विचारत नाही आणि विचारायला हवी. हे सगळं सोडियम येतं कुठून? दिवसाला २०० ग्रॅम ग्लुकोज या वाटेनं शोषलं जातं असं धरा. ते झाले १.१ मोल. दुप्पट सोडियम, म्हणजे २.२ मोल. मिठाच्या भाषेत १३० ग्रॅम. एवढं मीठ कोणीच खात नाही. पाचकरसांमधून रोज काही लिटर सोडियमयुक्त द्रव आतड्यात उतरतो, पण तोही हिशोब पुरा करत नाही. उरलेलं सोडियम पेशींच्या मधल्या सांध्यांतून रक्ताकडून परत पोकळीत झिरपतं. पंप रक्ताच्या बाजूला टाकतो, सांधा पुन्हा पोकळीत सोडतो, वाहक पुन्हा आत घेतो. तेच सोडियम फिरत राहतं. या सांध्यांत क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ ही प्रथिनं सोडियमची वाट तयार करतात. दोन्ही नसलेले उंदीर जन्मतात, पण पोषण शोषता न आल्यानं लहानपणीच मरतात. त्यांचा वाहक धड आहे, पंप धड आहे, फक्त पोकळीत सोडियम टिकत नाही. वाहकाच्या बाजूनं पाहिलं तर हा आजार औषधानं वाहक बंद केल्यासारखाच दिसतो.

माणसात वाहकच बिघडतो तेव्हा काय दिसतं ते एका बाळाच्या उदाहरणानं सांगतो. या दोषाला ग्लुकोज-गॅलॅक्टोज अपशोषण म्हणतात. आई आणि वडील दोघांकडून एसजीएलटी-१ चं सदोष जनुक आलं तरच तो होतो, आणि तो दुर्मीळ आहे. बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच, अंगावर दूध सुरू झालं की, पाण्यासारखं जोरात शी करतं. कधी कधी शी इतकी पातळ असते की लंगोटात ती लघवी समजली जाते. बाळ झपाट्यानं कोरडं पडतं. तोंडावाटे सगळं बंद करून शिरेतून द्रव दिला की जुलाब थांबतात. ही पहिली खूण. पोकळीत न शोषलेली साखर पाणी धरून बसते म्हणून जुलाब, साखर थांबली की जुलाब थांबले. जंतुसंसर्गात किंवा कॉलऱ्यात तोंडावाटे बंद केल्यानं असं थांबत नाही, कारण तिथे आतडं स्वतः द्रव सोडत असतं.

मग इथे पहिली चूक होते. लॅक्टोज पचत नसेल असं समजून लॅक्टोज नसलेलं दूध देतात, आणि त्यात ग्लुकोजची साखळी असलेली साखर असते. जुलाब परत. नेहमीचं ग्लुकोजचं क्षारपाणी दिलं तरी जुलाब परत, उलट जास्त. लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतात, आणि दोघांनाही एसजीएलटी-१ लागतो, म्हणून लॅक्टोज काढून उपयोग नाही, ग्लुकोजही काढावं लागतं. शीमध्ये साखर सापडते, शी आम्लधर्मी असते. आणि मग ज्यात फ्रुक्टोज हीच साखर आहे असं दूध सुरू केलं की बाळ सुधारतं. फ्रुक्टोज ग्लुट-५ नावाच्या दुसऱ्या दारानं, सोडियमशिवाय, उतारानं आत जातं. तीन निरीक्षणं एकत्र ठेवली तर जनुक-चाचणी येईपर्यंत निदान जवळजवळ हातात येतं: उपाशी ठेवल्यावर थांबणं, ग्लुकोजवर परत सुरू होणं, फ्रुक्टोजवर ठीक राहणं. लघवीत थोडी साखर दिसू शकते, पण मूत्रपिंडात एसजीएलटी-२ शाबूत असल्यामुळे ती थोडीच असते.

कॉलऱ्यात याच्या नेमकं उलट होतं, आणि ग्लुकोजचं क्षारपाणी का चालतं ते तिथे कळतं. कॉलऱ्याचं विष पेशीला क्लोराइड आणि त्यामागून पाणी बाहेर टाकायला लावतं, पण एसजीएलटी-१ ला हात लावत नाही. म्हणून ग्लुकोज दिलं की ते सोडियम आत ओढतं आणि त्यांच्यामागे पाणी. इथे ग्लुकोज अन्न म्हणून नाही, सोडियमची सोबत म्हणून दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ नंतरच्या सूत्रात सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल प्रति लिटर आहे, एकूण परासरणता २४५. वाहक दोनास एक घेतो मग इथे एकास एक का, असं मला नेहमी विचारतात. उत्तर वर आलंच आहे. सोडियम सांध्यांतून पोकळीत परत येत असतं, त्यामुळे द्रावणातलं प्रमाण वाहकाच्या प्रमाणाशी जुळायलाच हवं असं नाही. ग्लुकोज मात्र घरी चमचा जास्त घालून वाढवू नये. वाहकाला झेपेल त्याहून जास्त साखर पोकळीत उरली, तर ती त्या बाळातल्या साखरेसारखंच पाणी धरून ठेवते.